नामापासून झालेले तद्धित शब्द: प्रत्ययाने अर्थ कसा बदलला ते ओळखण्याच्या पायऱ्या

‘तेलाचा डबा’ आणि ‘तेलकट डबा’ या दोन शब्दसमूहांत नाम एकच आहे, डबाही एकच असू शकतो, पण अर्थ अगदी वेगळे आहेत. तेलाचा डबा म्हणजे ज्यात तेल ठेवतात तो डबा. तो बाहेरून स्वच्छ पुसलेला असू शकतो. तेलकट डबा म्हणजे ज्याला तेलाचा ओशटपणा लागला आहे तो; त्यात साखर भरलेली असली तरी चालेल. ‘-कट’ या एवढ्याशा प्रत्ययाने हा फरक घडवून आणला आहे. मराठी नव्याने शिकणाऱ्याला, किंवा मराठी बोलता येत असूनही व्याकरणाकडे प्रथमच वळणाऱ्याला, असा फरक स्वतःचा स्वतः ओळखता यावा यासाठी पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी संज्ञा पाहू. मूळ शब्दाला प्रत्यय लागून जो नवा शब्द तयार होतो त्याला साधित शब्द म्हणतात. मूळ शब्द धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, असेल तर तयार होणारा शब्द कृदन्त किंवा धातुसाधित होतो. मूळ शब्द नाम, सर्वनाम, विशेषण किंवा अव्यय असेल तर तो तद्धित किंवा शब्दसाधित होतो. ‘तद्धित’ ही संज्ञा संस्कृत व्याकरणातून आली आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ‘तद्धिताः’ असे सूत्र येते आणि तेथून पाचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत याच प्रत्ययांचा विचार चालतो. या लेखात फक्त नामापासून होणारे तद्धित शब्द घेतले आहेत, कारण प्रत्ययाचा अर्थावर होणारा परिणाम सर्वांत स्पष्ट तेथेच दिसतो.

पहिली पायरी: शब्द योग्य जागी तोडणे

शब्दातून प्रत्यय वेगळा काढला की मागे काय उरते ते पाहावे. जे उरते त्याला विभक्तिप्रत्यय लावून वापरता येत असेल, म्हणजे ‘दूध, दुधाला, दुधात’ असे म्हणता येत असेल, तर ते नाम आहे आणि शब्द तद्धित आहे. जे उरते त्याला ‘-णे’ लावून क्रियापद होत असेल, तर शब्द कृदन्त आहे. ‘दुधाळ गाय’ आणि ‘दुभती गाय’ हे शब्द अर्थाने शेजारी असले तरी ‘दुधाळ’ हा ‘दूध’ या नामापासून झाला आहे आणि ‘दुभती’ हा ‘दुभणे’ या क्रियापदापासून. अर्थही त्याप्रमाणेच वेगळे आहेत. दुधाळ गाय ही भरपूर दूध देणारी गाय असते, आणि हा तिच्या जातीचा गुण असतो. दुभती गाय ही सध्या दूध देत असलेली गाय असते. दुधाळ गाय आटली की काही महिने ती दुभती राहत नाही, पण तिला दुधाळ म्हणणे आपण सोडत नाही. ‘-आळ’ हा प्रत्यय विपुलता सांगतो, आणि ‘डोंगराळ’, ‘खडकाळ’, ‘केसाळ’, ‘रसाळ’ या शब्दांतही तो तेच सांगतो.

काही शब्दांच्या बाबतीत निवाडा अवघड जातो. ‘लाजाळू’ हा शब्द ‘लाज’ या नामापासून मानता येतो आणि ‘लाजणे’ या क्रियापदापासूनही मानता येतो. ‘झोपाळू’ आणि ‘विसराळू’ यांचेही तसेच आहे. अशा ठिकाणी त्याच प्रत्ययाचे इतर शब्द पाहावेत. ‘दयाळू’, ‘मायाळू’, ‘कृपाळू’ यांच्या मुळाशी असलेल्या दया, माया, कृपा या शब्दांना ‘-णे’ लावून क्रियापद होत नाही. म्हणून ‘-आळू’ हा मुख्यतः नामाला लागणारा, स्वभाव सांगणारा प्रत्यय आहे असे धरायला हरकत नाही.

तोडण्याची जागा चुकणे हा नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष आहे. ‘भिकारी’ म्हणजे ‘भीक’ अधिक ‘-आरी’, आणि ‘पुजारी’ म्हणजे ‘पूजा’ अधिक ‘-आरी’. पण ‘शिकारी’ आणि ‘जुगारी’ यांत ‘-आरी’ हा प्रत्यय नाही. तेथे ‘शिकार’ आणि ‘जुगार’ ही पूर्ण नामे आहेत आणि त्यांना फक्त ‘-ई’ लागला आहे. ‘कामगिरी’ आणि ‘कारागिरी’ या जोडीतही तसेच आहे: पहिल्यात ‘काम’ला ‘-गिरी’ लागला आहे, दुसऱ्यात ‘कारागीर’ला ‘-ई’ लागला आहे. म्हणून प्रत्यय काढल्यावर उरलेला तुकडा नाम म्हणून मराठीत खरोखर वापरात आहे का, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

याच पायरीवर सामासिक शब्दही बाजूला करावेत. ‘गावठाण’, ‘गावगाडा’, ‘गावगुंड’ यांत मागचा भाग, म्हणजे ठाण, गाडा, गुंड, स्वतंत्र शब्द म्हणून अर्थ देतो. म्हणून ते समास आहेत. ‘गावकी’मधला ‘-की’ एकटा वापरता येत नाही. म्हणून तो प्रत्यय आहे.

दुसरी पायरी: विशेषण असेल तर ‘चा-ची-चे’ लावून पाहणे

तद्धित शब्द विशेषण असेल, तर त्याच्या जागी त्याच नामाचे ‘-चा, -ची, -चे’ लागलेले रूप ठेवून पाहावे. ‘-चा’ हा संबंध सांगतो, पण कोणता संबंध आणि बोलणाऱ्याला तो आवडतो की नाही हे सांगत नाही. दोन्ही रूपांत जो फरक उरतो, तोच प्रत्ययाने आणलेला अर्थ असतो. वर तेलाच्या डब्याच्या बाबतीत हेच केले होते.

‘सोन्याची किनार’ आणि ‘सोनेरी किनार’ घ्या. पहिलीत सोने आहे. दुसरीत सोन्याचा रंग आहे, सोने असेलच असे नाही. ‘चांदीचे ताट’ जेवायला असते, तर ‘चंदेरी केस’ वयाने येतात. येथे ‘-एरी’ हा प्रत्यय नामाचे द्रव्य मागे ठेवतो आणि केवळ त्याचे दिसणे पुढे आणतो. ‘दातेरी चाक’ या शब्दात दात म्हणजे दातांसारखे दिसणारे खाचे. मात्र ‘काटेरी’ झुडपाला खरेच काटे असतात. म्हणजे एकच प्रत्यय दिसण्याचा अर्थ देता देता असण्याचाही अर्थ देतो, आणि कोणता घ्यायचा हे पुढच्या नामावर ठरते.

‘-ई’ या प्रत्ययाच्या बाबतीत तर पुढचे नाम पाहणे अपरिहार्यच आहे. ‘लाकडी पेटी’, ‘लोखंडी गज’, ‘पितळी तांब्या’ यांत ‘-ई’ म्हणजे ‘त्याचा बनवलेला’, आणि ‘पितळेचा तांब्या’ असे म्हटले तरी अर्थ बदलत नाही. पण ‘दुधी काच’ दुधाची नसते आणि ‘आकाशी साडी’ आकाशाची नसते. ज्या नामाचे आपण पदार्थ बनवतो त्याला ‘-ई’ लागला की बहुधा द्रव्य कळते. जे नाम त्याच्या रंगासाठी ओळखले जाते त्याला लागला की रंग कळतो. कसोटी लावून अर्थ बदलला नाही, तर द्रव्य. बदलला, तर सादृश्य.

‘-कट’ या प्रत्ययाकडे पुन्हा एकदा वळणे आवश्यक आहे, कारण नवशिक्याने तो चुकीच्या ठिकाणी वापरला तर समोरचा माणूस दुखावला जाऊ शकतो. ‘तेलकट’, ‘मातकट’, ‘धुरकट’, ‘मळकट’ या शब्दांत तेल, माती, धूर, मळ यांचा अंश आहे, आणि तो नको असताना आलेला आहे. मातीचे भांडे घरात कौतुकाने ठेवतात, पण मातकट भांडे घासायला टाकतात. हाच प्रत्यय ‘पोर’ला लागला की ‘पोरकट’ होतो आणि तो दोष सांगतो: वयाने मोठ्या माणसाने पोरासारखे वागणे. केवळ वयाने लहान दिसणाऱ्याला पोरकट म्हणू नये; त्यासाठी मराठीत ‘पोरसवदा’ हा निर्दोष शब्द आहे. मूळ नाम एकच, पण एका शब्दात नापसंती आहे आणि दुसऱ्यात नाही.

आता ‘-चा’विषयी एक सूक्ष्म गोष्ट. ‘घराचा’ आणि ‘घरचा’ ही दोन्ही रूपे मराठीत आहेत. ‘घराचा दरवाजा’ असे आपण म्हणतो, ‘घरचा दरवाजा’ असे सहसा म्हणत नाही. उलट ‘घरचे जेवण’, ‘घरचा माणूस’ असेच म्हणतो. पहिल्या रूपात ‘घर’चे ‘घरा-’ असे सामान्यरूप झाले आहे, म्हणून तेथे ‘-चा’ हा विभक्तिप्रत्यय आहे आणि तो एखाद्या ठरावीक घराशी संबंध दाखवतो. दुसऱ्यात सामान्यरूप झालेले नाही. तेथे ‘-चा’ सरळ मूळ शब्दाला चिकटला आहे आणि नवा शब्द तयार झाला आहे, ज्यात आपलेपणा आहे. ‘हाताचा अंगठा’ आणि बेरजेतला ‘हातचा एक’ यांतला फरकही असाच आहे. दुसरे उदाहरण तर इतके पुढे गेले आहे की ‘हातचा’ हे गणितात नामच झाले आहे. म्हणून कसोटीसाठी ‘-चा’ लावताना नेहमी सामान्यरूपाला लावावा: घराचा, गावाचा, हाताचा. ‘घरचा’सारखी रूपे ही स्वतःच तद्धित आहेत असे मी मानतो, आणि त्यांनाही हीच कसोटी लावावी.

तिसरी पायरी: नाम असेल तर त्याच्यासोबत येणारे क्रियापद पाहणे

नामापासून तद्धित नाम झाले असेल तर ‘-चा’ची कसोटी चालत नाही. ‘माणूस’पासून ‘माणुसकी’ आणि ‘माणूसपण’ असे दोन शब्द होतात; दोन्ही भाववाचक आहेत. मग फरक कसा ओळखावा? त्यांच्याबरोबर कोणती क्रियापदे स्वाभाविकपणे येतात ते पाहावे. माणुसकी दाखवतात, एखाद्याला ‘माणुसकी आहे की नाही’ असे आपण विचारतो. माणूसपण हरवते, टिकते, जपावे लागते. माणुसकी हा वागण्यातून दिसणारा सद्गुण आहे. माणूसपण ही माणूस असण्याची अवस्था आहे. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला पाणी देणे ही माणुसकी आहे. तुरुंगात कैद्याला केवळ क्रमांकाने हाक मारली तर त्याचे माणूसपण नाकारले जाते. या दोन वाक्यांत शब्दांची अदलाबदल केली तर दोन्ही वाक्ये बिघडतात.

‘-की’ या प्रत्ययाचा अर्थ मूळ नामाच्या जातीप्रमाणे बदलतो, आणि हे क्रियापदावरून चटकन लक्षात येते. पाटीलकी मिळते किंवा चालवली जाते, मास्तरकी करतात, डॉक्टरकी शिकतात. मूळ नाम हुद्द्याचे किंवा पेशाचे असेल तर ‘-की’ म्हणजे तो हुद्दा किंवा पेशा. ‘डॉक्टर’ हा परका शब्द मराठीत आल्यावर त्यालाही ‘-की’ लागला, यावरून या अर्थाने हा प्रत्यय किती जिवंत होता ते दिसते. भावकी मात्र कोणी करत नाही. भावकी जमते, भावकी बसते, भावकीत वाद होतात. मूळ नाम नात्याचे किंवा वस्तीचे असेल तर ‘-की’ म्हणजे ते सारे लोक आणि त्यांचा सामाईक व्यवहार. आणि ‘माणूस’सारख्या जातिवाचक नामाला लागला की तो गुण सांगतो.

‘-पण’ आणि ‘-पणा’ या जोडीकडे अभ्यासक सहसा दुर्लक्ष करतात, पण मला ती फार बोलकी वाटते. ‘-पण’ लागलेले नाम नपुंसकलिंगी असते: ते आईपण, ते बाईपण, ते देवपण. ‘-पणा’ लागलेले पुल्लिंगी असते: तो गाढवपणा. आईपण येते किंवा लाभते, गाढवपणा करतात. म्हणजे नामाला ‘-पण’ लागला की बहुधा अवस्था कळते, आणि ‘-पणा’ लागला की वागण्याची तऱ्हा, तीही बहुधा ठपका ठेवणारी. ‘आईपणा’ कोणी म्हणत नाही, कारण आई असणे ही तऱ्हा नाही. विशेषणांच्या बाबतीत ही रेघ पुसट होते, ‘मोठेपण’ आणि ‘मोठेपणा’ दोन्ही चालतात. नामांच्या बाबतीत मात्र ती पुष्कळ टिकून आहे.

चौथी पायरी: एका नामाचे कुटुंब पूर्ण पाहणे

सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा एका नामाची सर्व साधिते एकत्र मांडून पाहिली की प्रत्ययांचे काम एकमेकांच्या शेजारी दिसते. यासाठी ‘गाव’ हे नाम उत्तम आहे, कारण त्याला मराठी प्रत्यय लागतातच, शिवाय त्याचे संस्कृत मूळ ‘ग्राम’ हेही आपापले तद्धित घेऊन मराठीत नांदते.

सुरुवात ‘गावाचा’ आणि ‘गावचा’ यांच्यापासून करू. ‘गावाचा रस्ता’ हा गावाकडे जाणारा किंवा गावाच्या मालकीचा रस्ता. ‘गावचा माणूस’ हा आपल्याच गावात रुजलेला माणूस. मुंबईत पन्नास वर्षे काढलेला माणूसही गावचाच राहतो.

‘गावकरी’ म्हणजे गावात राहणारा. ‘-करी’ हा प्रत्यय ‘करणारा’ या अर्थाने आला आहे असे वाटते, आणि ‘शेतकरी’, ‘पहारेकरी’ यांत तो अर्थ ठीक बसतो. पण ‘माळकरी’ माळ करत नाही, गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि तिचे नियम पाळतो, ‘मानकरी’ला मान मिळतो, ‘गावकरी’ गावात राहतो. या सगळ्यांत सामाईक काय, तर मूळ नामाशी असलेला नेहमीचा, मान्य झालेला संबंध. ‘वारकरी’ एकदा पंढरपूरला जाऊन होत नाही. वारी चुकवत नाही तो वारकरी. याच्या शेजारी ‘यात्रेकरू’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्द ठेवून पाहावेत. तेथे प्रत्यय ‘-करू’ आहे, आणि दोन्ही ठिकाणी संबंध तात्पुरता आहे. दोन शब्दांवरून नियम बांधू नये. पण ‘-करी’मधील कायमपणा या तुलनेत ठळक दिसतो.

‘गावकर’ हा शब्द ‘गावकरी’पासून केवळ एका दीर्घ ईकाराने वेगळा आहे. ‘-कर’ सामान्यतः स्थळनामाला लागतो: पुणेकर, सांगलीकर, मुंबईकर, सातारकर, त्यातूनच असंख्य आडनावे झाली. ‘गाव’ला तो लागल्यावर मात्र विशेष अर्थ आला. गोव्यात गावकर म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळांतील वंशज, आणि त्यांच्या सामुदायिक जमीनव्यवस्थेला गावकारी म्हणत. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद हे नाव पडले. या ‘गावकारी’त शेवटचा ‘-ई’ संस्थावाचक आहे. महाराष्ट्रातला ‘गावकरी’ हा माणूस आहे आणि गोव्यातली ‘गावकारी’ ही संस्था आहे. तोडण्याची जागा निराळी, म्हणून अर्थ निराळा.

‘गावकी’ची ओळख वर ‘भावकी’बरोबर झालीच आहे: गावाचा सामाईक कारभार आणि तो करणारी मंडळी.

‘गावठी’ या शब्दावर थोडे थांबावे लागेल. कसोटी लावून पाहा: ‘गावाची कोंबडी’ असे कोणी म्हणत नाही, ‘गावठी कोंबडी’ म्हणतात. येथे ‘-ठी’ने ‘स्थानिक, संकरित नसलेले, कारखान्यात न बनलेले’ असा अर्थ आणला आहे. याच अर्थाने ‘गावठी तूप’ आणि ‘गावठी अंडी’ यांना बाजारात जास्त दाम मिळतो. पण हाच शब्द माणसाला किंवा त्याच्या राहणीला लावला की तो हिणवणारा होतो, आणि ‘गावठी दारू’ म्हटले की बेकायदेशीर गाळलेली दारू डोळ्यांसमोर येते. प्रत्यय तोच, मूळ नाम तेच, तरी पुढच्या नामाप्रमाणे गौरव किंवा हेटाळणी. म्हणून खाद्यपदार्थांच्या पलीकडे हा शब्द वापरताना नवशिक्याने फार जपावे. ‘गावंढळ’मध्ये तर असा दुहेरीपणाही नाही, तो सर्वत्र अडाणीपणाचा ठपकाच ठेवतो, आणि त्यातला ‘-अंढळ’ इतर नामांना लागलेला सहसा दिसत नसल्यामुळे हा शब्द तोडत न बसता अखंड लक्षात ठेवणे बरे.

आता ‘ग्रामीण’ आणि ‘ग्राम्य’. मराठी शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थ्याने आपल्या यजमानांना लिहिलेल्या आभाराच्या पत्रात ‘तुमचे ग्राम्य घर मला फार आवडले’ असे लिहिले होते आणि ते तपासायला माझ्याकडे आणले होते. त्याला ‘खेड्यातले घर’ म्हणायचे होते. लिहिले गेले ‘असभ्य घर’. मराठीत ‘ग्रामीण’ म्हणजे खेड्याशी संबंधित, कोणताही ठपका नसलेला शब्द: ग्रामीण रुग्णालय, ग्रामीण बोली. ‘ग्राम्य’ म्हणजे अशिष्ट. काव्यशास्त्रात ‘ग्राम्यता’ हा दोषांपैकी एक दोष मानला आहे. गंमत अशी की पाणिनीने हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात साधले आहेत: ‘ग्रामाद्यखञौ’ (४.२.९४), म्हणजे ‘ग्राम’ शब्दाला ‘य’ आणि ‘खञ्’ हे दोन्ही प्रत्यय लागतात. ‘य’ लागून ‘ग्राम्य’ होतो, आणि ‘खञ्’चा ‘ईन’ होऊन ‘ग्रामीण’. सूत्रात दोघांच्या अर्थात भेद केलेला नाही. भेद पुढे वापराने पाडला. प्रत्ययाचा अर्थ नियमातून सुरू होतो, पण रूढीने तो कोठे पोहोचला हे स्वतंत्रपणे पाहावेच लागते, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. तो विद्यार्थी पत्रातला शब्द बदलून ‘गावचे घर’ असे लिहून घेऊन गेला.

पाचवी पायरी: पहिल्या अक्षराकडे पाहून लेखन ठरवणे

प्रत्यय लागताना मूळ नामाचे रूप अनेकदा बदलते, आणि हा बदल प्रत्यय कोणत्या घराण्याचा आहे त्यावर अवलंबून असतो.

प्रत्यय अस्सल मराठी असून शब्दात एकजीव झाला असेल, तर मूळ मराठी नामातील दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो, जसा तो सामान्यरूपात होतो. दूध, दुधाचा, म्हणून दुधाळ आणि दुधी. धूर, धुराचा, म्हणून धुरकट. माणूस, माणसाचा, पण माणुसकी. भीक, भिकेचा, म्हणून भिकारी. ‘दूधाळ’ किंवा ‘माणूसकी’ असे लिहिणे चूक आहे.

प्रत्यय सैलपणे जोडला गेला असेल, तर मूळ नाम तसेच राहते. ‘-पण’, ‘-वाला’ आणि फारसीतून आलेला ‘-दार’ हे असे प्रत्यय आहेत: माणूसपण, मूलपण, दूधवाला, जमीनदार. ‘जमिनीचा’ लिहिताना ‘मि’ ऱ्हस्व आणि ‘जमीनदार’ लिहिताना ‘मी’ दीर्घ, याचे कारण हेच. नाम आकारान्त असेल तर मात्र शेवटच्या ‘आ’चा पुष्कळदा ‘ए’ होतो: किल्ला, किल्लेदार, ठेका, ठेकेदार, पहारा, पहारेकरी.

संस्कृत प्रत्यय ‘-इक’ याच्या अगदी उलट वागतो. तो पहिला स्वर फुगवतो. ‘अ’चा ‘आ’ होतो: समाज, सामाजिक; सप्ताह, साप्ताहिक. ‘इ, ई, ए’ यांचा ‘ऐ’ होतो: दिन, दैनिक, नीती, नैतिक, वेद, वैदिक. ‘उ, ऊ, ओ’ यांचा ‘औ’ होतो: उद्योग, औद्योगिक, भूगोल, भौगोलिक, लोक, लौकिक. ‘समाजिक’ आणि ‘उद्योगिक’ या नेहमी आढळणाऱ्या चुका येथूनच येतात. पण ‘रसिक’, ‘धनिक’, ‘श्रमिक’, ‘क्रमिक’ यांत पहिला स्वर बदललेला नाही. हे अपवाद नव्हेत. तेथे लागलेला प्रत्यय संस्कृत व्याकरणात वेगळा आहे, फक्त ऐकायला सारखा आहे. असे थोडेच शब्द मराठीत आहेत, ते लक्षात ठेवता येतात.

सहावी पायरी: स्वतः शब्द घडवण्याआधी तपासणे

अर्थ कळला म्हणजे प्रत्यय कोणत्याही नामाला लावता येतो असे नाही. ‘-कट’चा अर्थ समजल्यावर पाणी फार झालेल्या आमटीला ‘पाणकट’ म्हणावेसे वाटते. पण मराठीत तो शब्द ‘पाणचट’ असा आहे. गुळासारखी नकोशी गोडी असेल तर ‘गुळकट’ नव्हे, ‘गुळचट’. ‘-कट’, ‘-चट’, ‘-आळ’, ‘-एरी’ यांची शब्दसंपत्ती बहुतांशी ठरून गेली आहे. त्यांचे शब्द ऐकून शिकावेत, नवे करू नयेत. उलट ‘-वाला’, ‘-पण’, ‘-पणा’, ‘-गिरी’ आणि स्थळनामाचा ‘-कर’ हे आजही नव्या शब्दांना लागतात. प्रत्यय जिवंत आहे की नाही हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे तो अलीकडे मराठीत आलेल्या परक्या नामाला लावून पाहणे. ‘मोबाईलवाला’ सहज होतो. ‘मोबाईलकट’ होत नाही. ‘-गिरी’चा वापर करताना तेवढे एक ध्यानात ठेवावे की ‘मुलूखगिरी’ आणि ‘कामगिरी’ यांत जो पराक्रमाचा किंवा कार्याचा अर्थ होता, तो ‘दादागिरी’पासून पुढच्या शब्दांत बराच मागे पडला आहे, नव्या शब्दात ‘-गिरी’ आला की ऐकणारा आधी दंडेलीच समजतो.

शेवटची तपासणी दुहेरी प्रत्ययाची. नामापासून भाववाचक शब्द एकदा तयार झाला असेल तर त्याला पुन्हा भाववाचक प्रत्यय लावू नये. ‘पुरुष’पासून ‘पौरुष’ झाला तेव्हाच त्यात पुरुषाचा भाव आला. ‘पौरुषत्व’ असे लिहिले की तोच भाव दोनदा मोजला जातो. भाव हवा असेल तर ‘पौरुष’ किंवा ‘पुरुषत्व’ यांपैकी एक घ्यावा. विशेषणांपासून झालेल्या शब्दांत ही चूक आणखी वारंवार दिसते: ‘सौंदर्य’ आणि ‘सुंदरता’ दोन्ही बरोबर, ‘सौंदर्यता’ चूक, ‘ऐक्य’ आणि ‘एकता’ बरोबर, ‘ऐक्यता’ चूक. पहिला स्वर फुगलेला दिसला आणि शेवटी ‘-ता’ किंवा ‘-त्व’ही दिसला, तर लिहिणे थांबवून शब्द पुन्हा पहिल्या पायरीपासून तोडून पाहावा. ‘नैतिकता’ या शब्दात स्वर फुगलेला आहे आणि ‘-ता’ही आहे, तरी तो बरोबर आहे, कारण ‘नैतिक’ हे विशेषण आहे, भाववाचक नाम नव्हे. ‘-ता’ त्याला पहिल्यांदाच भाव देतो.